काळ्या मेंदीचा डाग

लग्नसराई असो, श्रावणातील सण असोत वा मार्गशीर्षातील श्रीरामाचा रथोत्सव, फलटणच्या घराघरांतील मुलींच्या हातावर मेंदी चढतेच. पाल्याच्या या मेंदीविषयी शंका घेण्याचे कारण सहसा पडत नाही. मात्र जत्रांतून आणि पर्यटनस्थळी ‘काळी मेंदी’ म्हणून जो झटपट टॅटू काढून दिला जातो, त्याचा मेंदीशी संबंध बहुधा नावापुरताच असतो.

मेंदीच्या पानातील रंगद्रव्याचे नाव लॉसोन. ते त्वचेवर मुरावयास काही तास लागतात. लेप काढल्यावर रंग प्रथम केशरी दिसतो आणि एक-दोन दिवसांत लालसर तपकिरी होतो. निव्वळ मेंदी त्वचेवर कोळशासारखी काळी उमटत नाही. तासाभरातच गडद काळा रंग येत असेल, तर त्यात केसांच्या कलपातील पॅरा-फेनिलिन-डायअमिन, संक्षेपाने पीपीडी, मिसळले असण्याची दाट शक्यता असते. बाजारात ‘काळी मेंदी’ या नावाने मिळणाऱ्या केसांच्या भुकटीतही पुष्कळदा हेच द्रव्य असते. ती हातावर काढण्यासाठी नव्हे. युरोपात केसांना लावावयाच्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण 2 टक्क्यांहून अधिक चालत नाही आणि त्वचेवर ते वापरण्यास परवानगीच नाही. टॅटूच्या काही नमुन्यांत मात्र हे प्रमाण 15 टक्क्यांच्याही वर आढळले आहे. शिवाय कलप अर्ध्या तासात धुतला जातो, टॅटूचा लेप मात्र त्वचेवरच वाळू दिला जातो.

2017 साली इजिप्तमध्ये सहलीस गेलेल्या एका ब्रिटिश कुटुंबातील सात वर्षांच्या मुलीने हॉटेलमध्ये हातावर असा टॅटू काढून घेतला. पुढे खाज सुटली आणि नक्षीच्या रेषांवरच मोठे फोड उठले. रुग्णालयात भाजल्याच्या जखमेप्रमाणे उपचार करावे लागले आणि व्रण राहण्याची भीती उरली. डॉक्टरांनी दिलेला इशारा त्याहून दूरचा होता: या मुलीने पुढे केसांना कलप लावू नये.

फोड बरे झाल्यावरही हा इशारा का उरावा? पीपीडीचे रेणू इतके सूक्ष्म असतात की ते त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत शिरतात आणि तेथील प्रथिनांना चिकटतात. शरीर त्या जोडगोळीस परके मानते आणि तिला ओळखणाऱ्या टी-पेशी तयार करते. या तयारीस एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या खेपेस फोड उशिरा येतात किंवा काहीच होत नाही, आणि ‘आम्हांला सोसते’ असा समज होतो. दुसऱ्या खेपेस ओळख तयारच असते. मग एक-दोन दिवसांतच त्वचा पेटते. त्यातील काही पेशी स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. खातेवहीतील ही नोंद खोडता येत नाही. मलमाने दाह शमतो, नोंद राहते. दहाव्या वर्षी टॅटू काढलेली मुलगी चाळिशीत प्रथमच कलप लावते, तेव्हा डोके, पापण्या आणि चेहरा सुजून येण्यामागे तीच जुनी नोंद असू शकते.

शरीर पीपीडीशी साम्य असलेली द्रव्येही कधी कधी त्याच नोंदीत धरते. गडद कृत्रिम कापडांतील काही रंग, बधिरता आणणाऱ्या मलमांतील बेन्झोकेन, काळ्या रबरातील काही रसायने आणि क्वचित सल्फा गटातील औषधे त्यांत मोडतात. प्रत्येकास या सर्वांचा त्रास होईल असे नाही. कशाचा होतो ते पॅच टेस्टने कळते. या चाचणीत त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर विरळ केलेल्या द्रव्यांच्या पट्ट्या लावतात, त्या दोन दिवसांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात. जखम पूर्ण बरी झाल्यावरच ती करावयाची असते.

आपल्याकडे पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर आधी कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतील बाजूस थोडा लावून 24 तास वाट पाहण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. परंतु ज्याला टॅटूने एकदा फोड आले आहेत, त्याने ही चाचणी घरी करून पाहू नये. ठेल्यावरच्या टॅटूला वेष्टनच नसते, मग सूचना कोठून असणार?

टॅटू काढल्यावर खाज वा लाली आली तर तो भाग साबण-पाण्याने धुवावा, फोड फोडू नयेत आणि डॉक्टरांना ‘काळी मेंदी लावली होती’ हे स्पष्ट सांगावे. मुलांच्या आरोग्याच्या फाइलमध्ये तारखेसह तशी नोंद ठेवावी. डाग पुसट झाल्यावर घरचे विसरतात. वीस-तीस वर्षांनी कलपाची बाटली उघडताना ती नोंदच कामी येते.