पैसे आमचे, तर अटी एकट्या तुमच्याच का?

धाराशिवकर भगिनींनो आणि बंधूंनो,

नवरात्र जवळ आलं की शहरात गरबा-दांडियाचे फलक लागतात. मंगल कार्यालयाच्या लॉनवर, शाळेच्या मैदानावर, मोकळ्या प्लॉटवर मांडव पडतो आणि तिकिटं विकायला निघतात. मुलींना खेळायला जायचं असतं, आयांना सोबत बसायचं असतं. आम्ही तिकीट काढतो आणि घरी आल्यावर मागची बाजू वाचतो. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क आयोजकांकडे राखीव. वाहन स्वतःच्या जबाबदारीवर लावावे. पारंपरिक वेश अनिवार्य. प्रवेशाबाबत आयोजकांचा निर्णय अंतिम.

पाच अटी, आणि पाचही आमच्यावर. आयोजक काय देणार, किती वेळ देणार, दिलं नाही तर काय करणार, यावर एक ओळ नाही. तिकीट हा दोन्ही बाजूंचा करार आहे. एका बाजूने लिहिलेला कागद आम्ही करार मानणार नाही, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढलं आहे. गरबा बंद करा असं आमचं म्हणणं नाही. पोरींनी खेळावं, मोकळेपणाने खेळावं, म्हणूनच हे लिहितो आहोत.

पहिली गोष्ट वेळेची

तिकिटावर छापतात : सायंकाळी ७ ते रात्री १२. पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावा लागतो. रात्री १० ते १२ ही सवलत वर्षभरात जास्तीत जास्त १५ दिवस देता येते आणि ते दिवस कोणते, हे जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्या १५ दिवसांत जयंत्या, गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी, ३१ डिसेंबर अशा सगळ्यांनाच वाटा द्यावा लागतो. त्यामुळे नवरात्राच्या वाट्याला मोजक्याच रात्री येतात, नऊच्या नऊ कधीच येत नाहीत.

आता हिशेब करा. समजा तिकीट ४०० रुपयांचं आहे आणि त्यावर पाच तासांचं आश्वासन आहे. सवलतीची रात्र नसेल तर त्यातले दोन तास कायद्यानेच बाद. दार ७ ला उघडतं, पण पाहुण्यांची वाट, दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रायोजकांची नावं यांत साडेआठ होतात. दहाला पोलीस येऊन माईक बंद करायला सांगतात. पाच तासांच्या पैशांत दीड तास मिळाला. लोक पोलिसांवर चिडतात, पण पोलिसांनी नियम पाळला. दहानंतरचा वेळ परवानगी नसताना ज्याने विकला, त्याला जाब विचारला पाहिजे. सवलतीच्या रात्री कोणत्या, हे तिकीट छापण्याआधी कळू शकतं. ते पाहून तिकिटावर तारीखवार वेळ छापायला अडचण कसली?

दुसरी गोष्ट पावसाची आणि पैसे परत करण्याची

आपल्याकडे नवरात्र येतं ते परतीच्या पावसाच्या दिवसांत. २०२५ ची घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली आणि नेमक्या त्याच दिवसांत सीनेला पूर आला. परंडा आणि भूम तालुक्यांत लोकांना एनडीआरएफच्या पथकांनी पाण्यातून बाहेर काढलं. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं, तिथे पाऊस ‘अनपेक्षित’ म्हणता येणार नाही. पावसाने रात्र वाया गेली तर काय, याचं उत्तर तिकिटावर आधीच हवं.

इथे आपणही न्यायाने बोललं पाहिजे. मी तिकीट काढलं आणि माझ्या सोयीने गेलो नाही, तर आयोजकाने पैसे का परत करावेत? त्याने मांडव घातला होता, वाजवणारे बोलावले होते. ते पैसे त्याचे. पण कार्यक्रम झालाच नाही, मैदानात चिखल म्हणून रद्द केला, ज्या कलाकाराच्या नावावर तिकिटं विकली तो आलाच नाही, किंवा तिकीट खिशात असूनही जागा भरली म्हणून दारातून परत पाठवलं, तर सेवा मिळालेली नाही. भारतीय करार कायद्याचं ६५ वं कलम सांगतं की करार रद्दबातल ठरला, तर त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेत उणीव असताना पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असा शिक्का मारल्याने हे कलम पुसलं जात नाही.

उदाहरणच घ्या. पाच रात्रींचा पास १,५०० रुपयांना घेतला, म्हणजे एका रात्रीचे ३०० झाले. दोन रात्री पावसाने गेल्या, तर ६०० रुपये परत किंवा दोन जादा रात्री, आणि यातलं काय घ्यायचं हे पासवाल्याने ठरवायचं. ‘पुढच्या वर्षी चालेल’ हे उत्तर चालणार नाही. पुढच्या वर्षी तेच आयोजक असतील याची हमी कोण देणार?

एक सूचना कराविषयी. प्रत्येकी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेश तिकिटावर जीएसटी माफ आहे. ४०० च्या तिकिटावर कुणी १८ टक्के लावून ४७२ मागत असेल, तर ७२ रुपये कशाचे, ते विचारा. आणि तिकिटावर ‘देणगी प्रवेशिका’ छापलं म्हणून ती देणगी होत नाही. पैसे दिल्याशिवाय आत सोडत नसाल, तर ती किंमतच.

तिसरी गोष्ट वेशाची आणि दाराची

गेल्या नवरात्रात माझी पुतणी आजीचं इरकली लुगडं नेसून गेली. काठ थोडा विरलेला, पण आजीने स्वतः निऱ्या घालून दिल्या होत्या. दारावरच्या मुलाने तिला बाजूला उभं केलं : “पारंपरिक वेश पाहिजे.” त्याच्या लेखी पारंपरिक म्हणजे घागरा-चोळी, आरसे लावलेली, भाड्याने आणलेली. पुतणी वीस मिनिटं तिथे उभी होती आणि तिच्या मैत्रिणी आत गेल्या होत्या. आई तुळजाभवानीच्या जिल्ह्यात, नवरात्रात, इरकली लुगडं पारंपरिक ठरत नसेल तर दोष त्या मुलाचा नाही. त्याला ज्यांनी ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द देऊन उभं केलं, त्यांचा आहे.

ज्या अटीचा अर्थ दारावरचा माणूस ठरवतो, ती अट त्याची मर्जी होते. वेशाची अट घाला, पण काय चालेल ते लिहा : लुगडं, नऊवारी, साडी, सलवार-कमीज, घागरा, धोतर, नेहरू शर्ट. आणि एक ओळ अनवाणी येणाऱ्यांसाठी. आपल्याकडे कित्येक बाया-माणसं नऊ दिवस पायात काही घालत नाहीत, तुळजापूरला पायी जातात. त्यांना चप्पल सक्तीची करू नका, उलट मैदानात खिळे, काचा, गिट्टी राहणार नाही हे बघा.

वयाची खात्री करायला ओळखपत्र पाहिलं तर हरकत नाही. पण आधार कार्डाचा फोटो काढून ठेवायचं काही कारण नाही. मुलींचे पत्ते अनोळखी मोबाइलमध्ये जाता कामा नयेत. आणि जी अट पैसे घेताना सांगितली नाही, ती दारात लावता येणार नाही. लावायचीच असेल तर आधी पैसे परत द्या.

चौथी गोष्ट गाड्यांची

‘वाहन स्वतःच्या जबाबदारीवर लावावे’ ही पाटी सगळीकडे दिसते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात निकाल दिला. गाडी लावून द्यायला किल्ली ताब्यात घेतली असेल, तर अशी अट छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. प्रकरण हॉटेलचं असलं तरी त्यामागचं तत्त्व करार कायद्यातलंच आहे : वस्तू ताब्यात घेतली की ती नीट सांभाळणं आलं. किल्ली तुमच्याच खिशात आणि गाडी मोकळ्या मैदानात असेल, तर दावा तेवढा भक्कम राहत नाही. म्हणून पार्किंगचे २० रुपये देताना गाडी क्रमांक लिहिलेलं टोकन मागा. टोकन देत नसतील तर पैसेही देऊ नका.

आणि गाड्या तुळजापूर रस्त्याच्या कडेला लावू देऊ नका. त्या दिवसांत त्याच कडेने अंधारात पायी चालणारे भक्त जात असतात. त्यांची वाट अडवून लावलेल्या गाड्यांसाठी पैसे घ्यायचा हक्क कोणत्याही आयोजकाला नाही.

असं तिकीट छापा

आयोजकांनो, नुसता दोष देऊन आम्ही थांबत नाही. हा मजकूर घ्या आणि तिकिटाच्या पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात छापा :

“आयोजकाचे नाव, पत्ता व फोन : ……
प्रत्यक्ष खेळ सुरू : सायं. …… ध्वनिक्षेपक बंद : रात्री १०. सवलतीच्या तारखांना रात्री १२ : ……
एकूण विकलेली तिकिटे …… पेक्षा जास्त नसतील.
एक तास पूर्ण होण्याआधी कार्यक्रम थांबल्यास, रद्द झाल्यास किंवा जाहीर कलाकार न आल्यास पूर्ण रक्कम ७ दिवसांत ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत. पासवर रात्रीच्या हिशेबाने परत.
चालणारा वेश : …… अनवाणी प्रवेश चालेल.
पार्किंग : जागा …… शुल्क …… टोकनवर गाडी क्रमांक लिहून मिळेल.
तक्रारीसाठी मैदानावरील व्यक्ती : ……”

सात-आठ ओळी आहेत. प्रामाणिक आयोजकाला यातली एकही ओळ जड जाणार नाही.

आणि आपण काय करायचं

तिकीट घेताना दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पैसे ऑनलाइन भरले तर कुणाच्या नावावर गेले ते पाहा आणि त्या पडद्याचा फोटो ठेवा. कार्यक्रम थांबला तर मैदानाचा आणि घड्याळाचा एक छोटा व्हिडिओ घ्या. मग आधी आयोजकाला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर चालेल. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानेही झालं नाही तर आपल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. एक फरक लक्षात ठेवा. तिकिटावरची अटच अन्यायी ठरवून घ्यायची तर राज्य आयोगाकडे जावं लागतं, पण ‘सेवा दिली नाही, पैसे परत द्या’ ही तक्रार जिल्ह्यातच चालते. दहा घरांची तक्रार असेल तर दहा जण मिळून एकच अर्ज करा.

चारशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं आपण दर वर्षी म्हणतो आणि त्याच भरवशावर तिकिटाची मागची बाजू लिहिली जाते. या नवरात्रात ज्या तिकिटावर वेळ, परताव्याची अट आणि आयोजकाचं नाव नसेल, ते तिकीट घेऊ नका. हे पत्रक वाचून झालं की शेजारच्या घरी द्या.

आपला,
धाराशिवमधील एक पालक