प्रयोग फसला तर आधी हिशोब, मग नवा आराखडा



आमच्या ताथवड्यात शेती कमी अन् बिल्डिंगा जास्त झाल्यात. उरलेले आपण गट करतो, पाव्हण्यांचे, सोसायटीतल्या ओळखीच्यांचे पैसे घालून पॉलिहाऊस करतो. पहिला प्रयोग फसला की बरेच गट हिशोब पुढं ढकलतात आणि नव्या पिकाचं नाव काढून परत पैसे मागतात. माझं मत असं की पैसा घालणारा तोट्यापेक्षा या लपवालपवीला जास्त भितो.

2010 चा द्राक्ष हंगाम आठवा. आपल्या द्राक्षात सीसीसी, म्हणजे शेंड्याची वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट, सापडलं आणि युरोपनं माल अडवला. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. नाशिकचे विलास शिंदे तेव्हा निर्यात करत होते. त्यांनी तोटा सोसून शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले. पुढं सह्याद्री शेतकरी कंपनी उभी राहिली, द्राक्षाबरोबर टोमॅटो, केळीही आली, आणि 2022 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी तिच्या उपकंपनीत 310 कोटी घातले. ज्यांचं देणं होतं ते आधी फेडलं, म्हणून माणसं टिकली, असं मी समजतो.

आता आपल्या मापाचं बघू. समजा, 10 गुंठ्यांत रंगीत ढोबळी लावली आणि दुपारी झाडं माना टाकायला लागली. उपटून बघितलं तर मुळांवर गाठी, म्हणजे सूत्रकृमी. अशा वेळी "ढोबळी परवडत नाही, आता काकडी लावू" असं सांगणं खोटं आहे, कारण तीच सूत्रकृमी काकडीलाही धरते. पीक बदललं तरी कारण जमिनीतच राहतं.

सभासदांना मी असं लिहून देईन: "12 लाख जमले. 8 लाखांचं शेड-ठिबक उभं आहे, 3 लाख गेले, 1 लाख बँकेत आहे. कारण सूत्रकृमी, प्रयोगशाळेचा कागद सोबत जोडलाय. आता फक्त अडीच गुंठ्यांत, जमिनीला न टेकता, कोकोपीटच्या पिशव्यांत लावू. नवे पैसे मागत नाही. 45 दिवसांनी तुमच्यासमोर 10 झाडं उपटू. तिनापेक्षा जास्त झाडांना गाठी दिसल्या तर तिथंच थांबू."

थांबायची खूण आधीच लिहिली की समोरच्याला कळतं, आपला पैसा कुठवर जाणार. कागद आणि मुळं त्याला स्वतः बघता येतात, आपल्या शब्दावर विसंबावं लागत नाही. एवढं बघूनही कुणाला बाहेर पडायचं असेल तर पडू द्या. जो राहील तो समजून राहील, आणि पुढच्या हंगामाला तोच कामाचा.