एक आर्टरी कमी भरली तेव्हा

थिएटरमधील परिचारिकेने ऑपरेशनपूर्वी आणि पोट शिवण्यापूर्वी चिमटे, कात्र्या, सुया आणि रक्त टिपायचे मॉप मोजायचे असतात. पुष्कळांना हे कारकुनी काम वाटते. एका रात्रीचा अनुभव सांगते.

तातडीचे सिझेरियन होते. सुरुवातीला आम्ही दोघींनी मोठ्याने मोजून फळ्यावर लिहिले : इन्स्ट्रुमेंट २४, मॉप १०. बाळ बाहेर आले, पण आईला रक्तस्राव जास्त होता. त्या धावपळीत गर्भाशय शिवण्यापूर्वी आम्ही फक्त मॉप मोजले. ही आमची पहिली चूक.

पोट शिवण्यापूर्वी मोजले तर मॉप १०, इन्स्ट्रुमेंट मात्र २३. एक आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, कमी होता. दुसरीने पुन्हा मोजले, तरी २३च. मी म्हणाले, "सर, मोजणी जुळत नाही." सरांनी सुई खाली ठेवली आणि पोटात हात फिरवून तपासले. आम्ही ट्रॉली, चादरींच्या घड्या, बादली, टेबलाखालची फरशी पाहिली. कुठेच नाही. बाई कमरेतल्या भुलीखाली जाग्या होत्या. एक चिमटा शोधतो आहोत, हे त्यांनाही सांगितले. भूल उतरण्याआधी उलगडा व्हायला हवा होता. जखम निर्जंतुक कापडाने झाकून टेबलावरच एक्स-रे काढला. धातूचा चिमटा त्यात लपत नाही. फिल्म स्वच्छ होती.

मग आठवले, नाळ कापताना बाळाकडच्या बाजूला आर्टरी लावली होती. ती बाळाबरोबरच गेली होती! बाळाच्या खोलीतील नर्सने नाळेला प्लास्टिकची क्लिप लावून ती ट्रेमध्ये ठेवली होती. २४ पूर्ण झाले. मगच पोट शिवले. दोन्ही मोजण्या, शोध, एक्स-रे आणि आर्टरी कुठे मिळाली, हे सारे केसपेपरवर लिहून आम्ही सह्या केल्या.

बाहेर नातेवाईक रागावले होते : "एक्स-रे कशाला? काही चुकले का?" चुकले होते. टेबलावरून वस्तू गेली की ती मोठ्याने सांगून फळ्यावर लिहायची, एवढे आम्ही केले नव्हते. पण एक्स-रे ही चूक नव्हती, तो चूक पकडण्याचा मार्ग होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या तपासयादीतही रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगायचे आहे.

मोजणी जुळली म्हणजे धोका संपला, असेही नाही. दोन मॉप चिकटून एक मोजले गेले, तर चुकीचा आकडाही बरोबर दिसतो. म्हणून मॉप उलगडून, वेगळे करून मोजायचे. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तोही याचसाठी.

माझे मत स्पष्ट आहे. परिचारिका "जुळत नाही" म्हणाली, की ऑपरेशन कोणाचेही असो, टाका थांबला पाहिजे. आणि आपले माणूस थिएटरमधून बाहेर आले, की नातेवाईकांनी जरूर विचारावे, "मोजणी जुळली ना?" या प्रश्नाचा आम्हाला राग येणार नाही.