लेप्टोचा इशारा : लाल गोळे काढा, नेमकी वेळ लिहा

भातलावणी सुरू झाली की आपल्या लांज्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर साधारण असा एक मेसेज फिरू लागतो :

🔴🔴🔴 *अत्यंत महत्त्वाचे!!!* 🔴🔴🔴
*सावधान!! सावधान!!!*
कोकणात *जीवघेण्या लेप्टोचे थैमान!!!* ⚠️⚠️
वेळीच काळजी घ्या, *अजिबात दुर्लक्ष करू नका!!!*
🙏 *ताबडतोब* सर्व ग्रुपवर पाठवा 🙏

मध्ये कुठेतरी इंग्रजी मोठ्या अक्षरांत दोन-तीनदा ‘अर्जंट’ असतं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे ती उणीव ठळक टाइप, उद्गारचिन्हं आणि लाल गोळे भरून काढतात.

हा मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्यातला धोकाही खरा आहे. तरीही तो कामाला येत नाही. लावणी आटोपल्यावर ताप आलेले एक काका पाचव्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि लघवी कमी झाली होती. त्यांना लगेच रत्नागिरीला पाठवावं लागलं. मेसेज त्यांच्या फोनमध्ये होता. म्हणाले, “बघितला होता हो डॉक्टर. पण तसले दिवसाला दहा येतात.”

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. अतिदक्षता विभागात मॉनिटर सतत वाजत राहिले की अनुभवी नर्सच्याही कानाला त्याची सवय होते आणि खरी धोक्याची घंटा त्यात हरवू शकते. ग्रुपवरच्या लाल गोळ्यांचं तसंच झालं आहे. याउलट हवामान खात्याचा ‘रेड अलर्ट’ आला की आपण वर बघतो, कारण त्यांच्याकडे पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा, असं ठरलेलं आहे. शिवाय सोबत जिल्हा आणि तारीख असते. त्या लाल रंगाला अर्थ आहे, कारण तो रोज वापरत नाहीत.

आता वरचा मेसेज पुन्हा वाचा आणि एक प्रश्न विचारा : यात मी नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत? उत्तर सापडत नाही. ‘काळजी घ्या’ म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही. घाई सांगितली आहे ती फक्त मेसेज पुढे पाठवण्याची.

लेप्टोमध्ये घाई कशासाठी असते, ते आधी समजून घेऊ. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आपल्या शरीरात शिरतात. ताप बहुतेक वेळा त्यानंतर ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही. सुरुवात साध्या तापासारखीच असते : डोकेदुखी, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. बहुतेक जण बरे होतात. काहींच्या मात्र किडनी, लिव्हर किंवा फुफ्फुसावर परिणाम होतो. प्रतिजैविकाचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो. रक्ताची नेहमीची तपासणी मात्र पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रुग्ण कुठे काम करत होता हे कळलं की डॉक्टर संशयावरूनच औषध सुरू करतात. म्हणजे घाई आहे ती तापाच्या पहिल्या दिवसाची, आणि हेच त्या मेसेजमध्ये नव्हतं.

मी तो असा लिहीन :

*लावणी केलेल्यांना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.*
गेल्या महिनाभरात शेतात, गोठ्यात किंवा पुराच्या पाण्यात काम केलं असेल आणि ताप आला, तर घरी गोळी घेऊन थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. ‘मी चिखलात काम केलं आहे’ हे स्वतःहून सांगा. हा लेप्टो असू शकतो. लवकर औषध मिळालं तर बहुतेक जण बरे होतात.
डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, दम लागणं किंवा थुंकीतून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा.
अशा पाण्या-चिखलाशी संबंध आला नसेल तर लेप्टोची भीती धरू नका. पण ताप दोन दिवसांत उतरला नाही तर नेहमीप्रमाणे डॉक्टरांना दाखवा.
— डॉक्टरांचं नाव, गाव, ५ जुलै. ३० सप्टेंबरनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.

ठळक ओळ एकच आहे आणि ती पहिली आहे. फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजची एक-दोन ओळच दिसते. जुन्या मेसेजमध्ये त्या जागी लाल गोळे होते. इथे कोणी, केव्हा, काय करायचं ते मेसेज न उघडताही कळतं.

‘जीवघेणा’ हा शब्द मी काढला आणि ‘बहुतेक जण बरे होतात’ असं लिहिलं. यावर काही जण म्हणतील की भीती कमी झाली तर लोक येणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. सगळं संपलंच असं वाटलं की माणूस टाळतो. आज गेलो तर फायदा आहे हे कळलं की तो निघतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘भीती धरू नका’ ही ओळ. सगळ्यांना उद्देशून केलेली आरडाओरड कुणालाच आपली वाटत नाही. कुणी घाबरायचं नाही हे जो सांगतो, त्याने कुणी घाई करायची हे सांगितलं तर ते पटतं.

खाली नाव आणि तारीख असली की विचारायला माणूस सापडतो, आणि तोच मेसेज पुढच्या वर्षी नव्याने फिरला तर लगेच ओळखता येतो. मात्र नाव त्या डॉक्टरांना विचारूनच घाला.

असा मेसेज पाठवण्याआधी एक साधी परीक्षा करा : तो फोनवरून आईला किंवा शेजारच्या काकींना वाचून दाखवा. वाचताना लाल गोळे, ठळक अक्षरं, उद्गारचिन्हं आपोआप गळतात. तरीही त्यांनी “अगोबाई, मग उद्याच दाखवते” असं म्हटलं, तर घाई शब्दांत आहे. “बरं, बघू” म्हणाल्या तर मेसेज पुन्हा लिहा.

ओरडण्याची वेळ कधीच नसते असं नाही. नदीचं पाणी वस्तीत शिरत असेल तर चार शब्द मोठ्याने सांगायलाच हवेत. पण तेव्हाही ‘सावधान’ हा शब्द तीनदा लिहिण्याऐवजी कुठल्या वाडीत पाणी आलं आणि लोकांनी कुठे जायचं, ते लिहा.