विश्लेषण : विहिरीच्या पाण्याचा रंग गेला तरी मीठ राहतं, शेलार परिसरातल्या शेतकऱ्याने विहीर बिघडल्यावर काय करायचं?

भिवंडी तालुक्यात शेलारकडे गेलं की कारखाने आणि शेतं शेजारीशेजारी दिसतात. यंत्रमागाच्या धंद्यामुळे सायझिंग आणि डाईंगचे कारखाने या भागात वाढले, आणि कामवारी नदीला येणारे नाले त्याच वस्तीतून जातात. अशा ठिकाणी एखाद्याच्या विहिरीचं पाणी बदललं की पहिली तक्रार रंगाची असते. पाणी लालसर आलं, निळसर आलं, वर फेस आला. दोन महिन्यांनी रंग जातो आणि शेतकऱ्याला वाटतं, सुटलो. फसगत नेमकी इथेच होते.

कापसाचा कपडा रंगवताना रंग धाग्यात बसावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. गडद रंगाला लिटरमागे 50 ते 80 ग्रॅमपर्यंत मीठ लागतं. सोबत कॉस्टिक किंवा सोडा असतो. कपडा रंगला की हे मीठ जवळपास सगळं सांडपाण्यात जातं. ते पाणी प्रक्रिया न करता नाल्यात किंवा खड्ड्यात सोडलं, तर जमिनीतून झिरपताना रंगाचा बराच भाग माती धरून ठेवते. मीठ मात्र मातीत अडकत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. ते थेट पाण्यासोबत खाली जातं. म्हणून निवळशंख दिसणारी विहीरसुद्धा बिघडलेली असू शकते. पाणी उकळून मीठ जात नाही, ब्लीचिंग पावडर टाकूनही जात नाही.

मग ओळखायचं कसं? काही शे रुपयांत मिळणारं टीडीएस मीटर इथे कामाचं आहे. एक उदाहरण मांडून बघू, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा तुमच्या विहिरीचं पाणी पूर्वी 450 भरायचं. आज 2100 भरतंय. चढाच्या बाजूला असलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीत 480 आहे आणि कारखान्याच्या मागच्या नाल्यात 2900. आता चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत असावा असं आहे, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतो. तुमचं पाणी त्याच्याही वर गेलं. शेतीचं गणित वेगळं मांडतात. टीडीएसला साधारण दीडने गुणलं की क्षारता मोजायचा आकडा येतो, म्हणजे 2100 चे सुमारे 3150. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सिंचनासाठी ठरवलेली मर्यादा 2250 आहे. असं पाणी भाजीला देत राहिलात तर पानांच्या कडा करपतात, आणि पाण्यात सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होत जाते. पाऊस पडला की पाणी जिरत नाही, वर साचतं.

मीटरचा आकडा एकदा पाहून भागत नाही. पावसाळ्यात विहीर पातळ होते, आकडा खाली येतो. एप्रिल-मेमध्ये तोच आकडा चढतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी तारखेसह वहीत नोंद ठेवा आणि फोटो काढा. अर्थात मीटर दूषित पाणी आहे एवढंच सांगतं. कोणी दूषित केलं हे सांगत नाही, आणि जड धातू, रंगाची रसायनं तर त्याला दिसतच नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा हवी. विहीर, शेजारची चढावरची विहीर, नाला आणि शक्य असेल तर कारखान्याचं बाहेर पडणारं पाणी, हे चारही नमुने एकाच दिवशी घ्यायचे. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची, थंड ठेवायची, 24 तासांत पोचवायची. सोडियम, क्लोराईड, पीएच आणि सीओडी हे चार आकडे चारही नमुन्यांत जुळवले की पाणी कुठून आलं याचा माग निघतो.

इथे एक अडचण आहे. आपल्या भागात खाली काळा पाषाण आहे. पाणी मातीच्या थरातून आणि खडकाच्या भेगांतून वाट काढतं. त्यामुळे जवळची विहीर वाचते आणि लांबची बिघडते, असंही होतं. कारखानदार नेमका हाच मुद्दा काढतो. याला उत्तर म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून परिसरातल्या विहिरींची पातळी आणि पाण्याची दिशा तपासून मागणं.

स्वतः काढलेला नमुना न्यायालयात कच्चा पडतो. पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला कळवून घेतलेला, दोन भाग करून सील केलेला नमुना पुरावा म्हणून चालतो. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि अर्जात नमुना घेण्याची मागणी स्पष्ट लिहा. विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पाणी सोडणं कलम 24 खाली बंद आहे. कलम 33-अ खाली मंडळ कारखान्याची वीज आणि पाणी तोडू शकतं. पण एवढ्याने तुमचं नुकसान भरून येत नाही. पिकाचा पंचनामा तलाठी आणि तालुका कृषी कार्यालयाकडून वेगळा करून ठेवावा लागतो, आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का हेही बघावं लागतं.

भरपाई मागायची जागा म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. प्रदूषणाबाबत आदेश मागणारा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, भरपाईचा पाच वर्षांत. दोन्हीत उशीर माफ होतो तो फक्त 60 दिवसांपर्यंत. तोंडी तक्रारी आणि सरपंचांच्या बैठकांमध्ये वर्ष कधी जातं कळत नाही, म्हणून पहिल्यांदा पाणी बदललेलं दिसलं त्या दिवसाची लेखी नोंद लाखमोलाची आहे. भरपाईच्या दाव्यावर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना ते नाही. कायदा इथे शेतकऱ्याच्या बाजूने एक गोष्ट करतो, कारखान्याची चूक वेगळी सिद्ध करण्याची गरज ठेवत नाही. नुकसान आणि त्या कारखान्याचा संबंध मात्र दाखवावा लागतोच.

हे सगळं पटकन होतं असं समजू नका. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात रंग बनवायला लागणारं एच-ॲसिड तयार करणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी बिघडल्या. खटला 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल 1996 मध्ये लागला. प्रदूषण करणाऱ्यानेच साफसफाईचा खर्च द्यायचा, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. तरी रकमेवरून भांडण चालूच राहिलं आणि 2011 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की 37.385 कोटी रुपये व्याजासकट भरा.

आणि विहीर? सांडपाणी थांबल्याशिवाय ती उपसून उपयोग नाही. उलट जास्त उपसा केला की पातळी खाली जाते आणि नाल्याकडचं दूषित पाणी वेगाने ओढलं जातं. आधी गळती बंद, गाळ आणि बिघडलेली माती उचलून सुरक्षित विल्हेवाट, मग पावसाळ्यापूर्वी उपसा आणि पावसाचं स्वच्छ पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला जिरवणं, असा क्रम असतो. पाषाणातली विहीर तरीही काही पावसाळे घेते. तोवर प्यायला दुसरं पाणी किंवा आरओ लागेल, आणि चोपण झालेल्या जमिनीला माती तपासून जिप्समचं प्रमाण ठरवावं लागेल. या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, दाव्यात त्याच जोडायच्या आहेत.