थंबनेलवर बाटली नको, डोमकळी दाखवा



मागच्या खरिपात कपाशी 50 दिवसांची असताना मी डोमकळीवर 6 मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. सांगणं साधं होतं. गुलाबी बोंडअळी आधी फुलात दिसते. पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या आवळून राहतात. अशी कळी तोडा, आतल्या अळीसकट नष्ट करा, कामगंध सापळे लावा. चौथ्या मिनिटाला पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाची बाटली हातात धरून म्हणालो, "हे आत्ता मारू नका. मित्रकिडी मरतील अन् मागून पांढरी माशी वाढेल."

पुतण्यानं थंबनेलला नेमकी तीच फ्रेम उचलली. त्याचं गणित बरोबर होतं म्हणा. माझा चेहरा स्वच्छ, डोळे उघडे, हिरव्या कपाशीपुढं पांढरी बाटली उठून दिसती. वर लिहिलं, "बोंडअळीचा कर्दनकाळ". आठ दिवसांनी शेजारच्या गावचा एक भाऊ भेटला. म्हणाला, "दादा, तुम्ही दाखवलेली बाटली आणली, मारली पण." व्हिडिओ त्यानं उघडलाच नव्हता. गावच्या ग्रुपवर लिंक आली, लिंकीसोबत चित्र आलं, त्यानं चित्र पाहिलं. मी त्याला दोष देत नाही. चित्रात मी बाटलीच देत होतो.

तवापासून "थंबनेलला चेहरा लागतोच" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चेहरा असू द्या की, पण तो बघतो कुठं? चित्रातला माणूस जिकडं बघतो तिकडंच आपली नजर जाते. मी कॅमेऱ्याकडं डोळे वटारले तर तुम्ही माझे डोळे बघणार. मी कळीकडं बघितलं तर कळी बघणार. म्हणून मी नवी फ्रेम शोधली ती कळीकडं वाकून बघतानाची. बोलता बोलता पापणी मिटते, तोंड वाकडं होतं, अन् एका सेकंदात 25-30 फ्रेमा असतात. संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून `.` दाबलं की एक फ्रेम पुढं, `,` दाबलं की एक मागं जाते. बोलणं थांबलं अन् हात स्थिर झाला, तिथं शोधा. एक अडचण राहतेच, दुपारच्या उन्हात टोपीच्या सावलीनं डोळे काळे पडतात. त्याला फ्रेम निवडून इलाज नाही, सकाळीच शूटिंग करा.

दुसरी गोष्ट उठावाची. पुतण्याला वाटतं लाल अक्षर म्हणजे ठळक. चित्र फोनच्या एडिटरमध्ये घेऊन रंग पूर्ण काढून टाका, काळं-पांढरं करा. कपाशीच्या हिरव्यावरची लाल अक्षरं त्या राखाडीत विरघळून जातात, कारण दोन्हींचा उजेड जवळपास सारखा. तसंच फिक्या डोमकळीचं. मागं आभाळ असलं तर ती दिसत नाही, मागं गर्द पान असलं तर लगेच दिसते. मोसंबीच्या फळगळीचंही तेच, झाडावरचं हिरवं फळ पानात हरवतं, काळ्या मातीवर पडलेलं दिसतं.

माझ्याकडं कळीची फ्रेम होती, पण लांबून घेतलेली. 1920 ठिपके रुंदीच्या फ्रेमचा एक तृतीयांश भाग कापला तर 640 उरतात, अन् थंबनेलला 1280 बाय 720 पाहिजे. ताणलं की पाकळ्यांच्या कडा फुटतात. शेवटी दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन कळीजवळ कॅमेरा 5 सेकंद न हलवता धरला. आता प्रत्येक व्हिडिओत तेवढं आधीच करून ठेवतो.

अक्षरांचं म्हणाल तर आपल्या मराठीची गोष्ट वेगळी आहे. वर अनुस्वार, वेलांटी, खाली उकार. चित्र लहान झालं की आधी तेच मरतात. "बोंड"चं "बोड" होतं, "मूळकूज" तर वाचताच येत नाही. जाडजूड फॉन्टला काळी किनार दिली की अक्षरांची पोटं भरून जातात. मी दोनच शब्द ठेवले, "डोमकळी तोडा", काळ्या पट्टीवर पिवळ्यात. पट्टी वर डावीकडं, कारण खाली उजव्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची वेळ छापतं. मग चित्र दोन बोटांच्या रुंदीचं करून, बांधावर उन्हात, हात लांब करून वाचून पाहिलं.

पुतण्या म्हणतो, बाटलीवाल्या चित्रावर लोक जास्त यायचे. यायचे, खरंय. पण ते काय घेऊन जायचे ते मी पाहिलंय.

आता चित्र तयार झालं की आमच्या सालगड्याला दाखवतो, आवाज नाही, व्हिडिओ नाही. विचारतो, "काय करायचं सांगितलंय यात?" नव्या चित्रावर तो म्हणाला, "हे फूल तोडायचं." मागचं बाटलीचं दाखवलं तर म्हणाला, "दुकानातून कोणतं आणू, मालक?"