बारशाचा आहेर

बारशाचं आमंत्रण आलं की पावलं आपसूक घाटकोपर-मुलुंडच्या सराफाकडे वळतात. वाळे, करगोटा, वाटी-चमचा ठरलेलं. मग बोरिवलीच्या वन-बीएचकेतल्या कपाटात चार वाट्या एकात एक बसून राहतात. पहिले सहा महिने बाळ आईच्या दुधावरच असतं. वाटीची पाळी येते ती उष्टावणाला. चांदी द्यायचीच तर तेव्हा द्या, हॉलमार्कची आणि पावतीसकट. मोडीत चांदीचे पैसे येतात, घडणावळीचे नाहीत. म्हणून नक्षीकामापेक्षा साधी, जाड वाटी बरी. घुंगरांचे वाळे मात्र नकोतच. सैल झालेलं घुंगरू थेट तोंडात जातं.

बारशाच्या सुमारास घरात लागतात धुतलेली सुती दुपटी आणि पुढून बांधायची झबली. पावसाळ्यात अंधेरीत लंगोट वाळता वाळत नाहीत, तेव्हा डायपर न्या. पण सर्वांत लहान माप नको. तीन किलोचं बाळ दोन-तीन महिन्यांत पाच किलोंच्या आसपास पोचतं आणि अर्धं पाकीट तसंच उरतं. एक माप मोठंच घ्या. नाहीतर बाळाच्या आईला सरळ विचारा, काय कमी पडतंय? कदाचित ती म्हणेल, आठवडाभर दुपारचा डबा पाठवाल का?